महिन्याचे ठरलेले १५ हजार गुगल सर्चला द्यायचे की फेसबुक-इन्स्टाला? कोल्हापूरच्या दुकानदारांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाहूपुरीत आमचं जाहिरातीचं छोटं काम आहे. आठवड्यातून एकदा तरी कोणी दुकानदार येऊन बसतो, चहा होतो आणि शेवटी गाडी याच प्रश्नावर येते. सगळ्यांना एकच उत्तर लागू पडत नाही, म्हणून इथे एकाच दुकानाचा हिशोब उलगडून दाखवलाय. राजारामपुरीत वॉटर प्युरिफायर विकणारे आणि दुरुस्त करणारे एक गृहस्थ आहेत. नाव देत नाही, दादाच म्हणूया. जाहिरातीसाठी महिन्याला जीएसटीसकट १५,००० रुपये, त्यावर एक रुपया नाही, हे त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून थोडे जुळवून घेतलेत. तुमचे आकडे वेगळे येतील, हिशोबाची रीत मात्र तीच राहील.

दोन्ही जाहिरातींत मूळ फरक काय?

गुगलवर माणूस स्वतः येऊन काहीतरी मागतो. सकाळी स्वयंपाकघरात मशीनखाली पाणी साचलेलं दिसलं, की तो मोबाइलवर "ro repair kolhapur" टाइप करतो आणि वरच्या दोन-तीन दुकानांपैकी एकाला फोन लावतो. त्याला तुम्ही काही पटवून द्यायची गरज नसते. फक्त त्या वेळी समोर दिसायचं असतं.

फेसबुक-इन्स्टाग्रामवर तोच माणूस रात्री जेवून आडवा झालेला असतो आणि कुणाच्या तरी लग्नाचे फोटो बघत असतो. तुमची जाहिरात मध्येच येते. त्याच्या डोक्यात त्या वेळी प्युरिफायर नसतो, तो तुम्हाला घालावा लागतो.

दादांच्या दुकानात खरं तर दोन धंदे आहेत. बंद पडलेली मशीन दुरुस्त करणं हा एक, आणि वर्षभराच्या देखभालीचा करार किंवा नवी मशीन विकणं हा दुसरा. पहिल्यासाठी लोक शोधत येतात. दुसऱ्यासाठी जवळजवळ कोणीच येत नाही, कारण फिल्टर बदलायची वेळ झाली हे मशीन बंद पडेपर्यंत कुणाच्या लक्षातच येत नाही. "सर्च की सोशल" हा प्रश्न दुकानाला विचारून उपयोग नाही. तुमच्या एकेका कामाला वेगवेगळा विचारा.

आमच्या कामाला गुगलवर मागणी आहे का, हे पैसे घालण्याआधी कसं कळणार?

गुगल अ‍ॅड्सच्या खात्यात `Keyword Planner` आहे. त्यात ठिकाण फक्त कोल्हापूर ठेवायचं आणि गिऱ्हाईक जे शब्द टाइप करेल ते घालायचे. दुकानदार स्वतः वापरतो ते शब्द नकोत. दादांनी पहिल्यांदा "शुद्ध जल समाधान" घातलं होतं. असं कोणी शोधत नाही. खाते नवीन असेल तर नेमका आकडा न दिसता "१०० ते १ हजार" असा ढोबळ पट्टा दिसतो. तोही चालतो.

मग साधा गुणाकार करायचा. दादांच्या दुरुस्तीच्या सगळ्या शब्दांचे मिळून महिन्याला साधारण १,५०० शोध निघाले. दर शंभरांतले नऊ जण आपल्या जाहिरातीवर बोट ठेवतील असं धरलं, तर १३५ क्लिक होतात. एका क्लिकला २८ रुपये धरले तर ३,७८० रुपये. झालं. कोल्हापुरात या कामासाठी सर्चवर महिन्याला एवढेच पैसे सत्कारणी लागू शकतात. दादांच्या खिशात याच्या तिप्पट होते.

२०११ च्या जनगणनेत कोल्हापूर शहराची वस्ती साडेपाच लाखांच्या आसपास होती. आता ती वाढली असली तरी पुण्या-मुंबईच्या मानाने इथली शोधांची विहीर लहानच आहे. पुण्यातल्या व्हिडिओत "सगळं बजेट सर्चला लावा" असं ऐकून इथे तसं केलं, की विहिरीतलं पाणी संपतं आणि पोहरा गाळ उपसायला लागतो.

आणि तरीही सगळे पैसे गुगलला दिले तर? जास्त दिले तर जास्त फोन येतील ना?

दादांनी आमच्याकडे काम देण्याआधी तेच केलं होतं. रोजचं बजेट ४०० रुपये लावलं. गुगल एखाद्या दिवशी ठरवलेल्या रकमेच्या दुप्पट खर्च करू शकतं, पण महिन्याला रोजच्या रकमेच्या ३०.४ पटीपेक्षा जास्त घेत नाही. त्या हिशोबाने १२,१६० रुपये गेले. ६४० क्लिक आले, एक १९ रुपयांना. कागदावर भारीच वाटतं.

त्या महिन्यात एका दुपारी मी त्यांच्या दुकानात बसलो होतो. फोन वाजला. पलीकडून एक काकू तावातावाने: "तुमच्या कंपनीची मशीन दोन महिन्यांत बंद पडलीय, वॉरंटीत आहे, आणि तिसऱ्यांदा तक्रार नोंदवतेय मी." दादा म्हणाले, "काकू, आम्ही कंपनी नाही, आमचं दुकान आहे." काकू म्हणाल्या, "गुगलवर तुमचाच नंबर पहिला येतोय, मग तुम्हीच की." फोन ठेवून दादा माझ्याकडे बघत म्हणाले, "दिवसाला असले दोन-तीन येतात, आणि त्याचे पैसे मी भरतोय होय?"

होय, तेच भरत होते. आम्ही खात्यातला `Search terms` हा अहवाल उघडला. लोकांनी खरोखर काय टाइप केल्यावर जाहिरात दिसली, ते यात कळतं. गुगल सगळे शब्द दाखवत नाही, फार कमी जणांनी शोधलेले लपवून ठेवतं. ६४० पैकी ४८० क्लिकचे शब्द दिसले. त्यातले १९० क्लिक कुठल्या ना कुठल्या कंपनीच्या कस्टमर केअर नंबरच्या शोधातून आले होते. १२० जण ऑनलाइन खरेदीसाठी किंमत बघत होते. ४० जण नोकरी किंवा "घरीच फिल्टर कसा बदलायचा" शोधत होते. दुरुस्तीसाठी दुकान हवं असलेले उरले १३०.

महिन्याला कामं मिळाली १४. म्हणजे एका कामामागे जाहिरातीचे ८६९ रुपये, आणि एका दुरुस्तीत सुटे भाग व दुकानातल्या कामगार पोराचा खर्च वजा जाता दादांना सुटतात साधारण ४५०. प्रत्येक कामामागे चारशेवर रुपये खिशातून जात होते.

कारण साधं आहे. शब्द सैल ठेवले, म्हणजे `Broad match` वर, आणि बजेट मागणीपेक्षा मोठं ठेवलं, की गुगल ते पैसे परत देत नाही. जवळपासचे, मग लांबचे शब्द गोळा करून ते खर्च करून दाखवतं.

सर्चच्या कॅम्पेनमध्ये मग नेमकं काय बदललं?

चार-पाच गोष्टी, तासाभराचं काम. पहिलं म्हणजे नवीन खात्याला गुगल जी सोपी, आपोआप चालणारी कॅम्पेन सुचवतं ती बंद केली आणि साधी सर्च कॅम्पेन हाताने बांधली. तिच्यात `Search partners` आणि `Display Network` या दोन खुणा काढून टाकल्या. नाहीतर सर्चसाठी ठेवलेले पैसे कुठल्यातरी गेमच्या ॲपमधल्या बॅनरवर जातात.

दुसरं ठिकाणाचं. कोल्हापूर निवडलं की काम झालं असं वाटतं, पण तिथे आपोआप निवडलेला पर्याय असतो `Presence or interest`. म्हणजे कोल्हापुरात असलेले, आणि कोल्हापुरात "रस" दाखवणारेही. नाशिकला बसून कोल्हापूरबद्दल काही शोधणारा माणूस त्यात येऊ शकतो. दुकानातला पोरगा नाशिकला जाणार नाही. तिथे `Presence` केलं.

तिसरं, शब्द घट्ट केले. दुहेरी अवतरणात टाकलेला शब्दसमूह त्याच अर्थाच्या शोधाला लागतो, चौकोनी कंसातला त्याहून घट्ट.

```
"ro service kolhapur"
"water purifier repair kolhapur"
[ro repair near me]
"आरओ दुरुस्ती"
```

बहुतेक लोक रोमन लिपीतच टाइप करतात. बोलून शोधणाऱ्यांचे शब्द देवनागरीत येतात, म्हणून दोन्ही ठेवायचे.

चौथं, नको असलेल्या शब्दांची यादी, म्हणजे `Negative keywords`.

```
"customer care"
"toll free"
"job"
"jobs"
"how to"
```

`job` टाकलं म्हणून `jobs` आपोआप अडत नाही, दोन्ही लिहावे लागतात. या यादीत मी स्वतः एक माती खाल्लीय, ती सांगतो. कस्टमर केअरवाल्यांना अडवायचं म्हणून मी नुसतं `number` घातलं. आठवडाभर फोन निम्म्यावर आले. मग लक्षात आलं की "ro repair number kolhapur" टाइप करणारा खराखुरा गिऱ्हाईकही मीच दारातून परत पाठवत होतो. नकाराचा शब्द जितका छोटा, तितका तो घातक.

पाचवं, जाहिरात दुकान उघडं असतानाच, सकाळी ८ ते रात्री ८. आणि जाहिरातीच्या पहिल्याच ओळीत "सर्व कंपन्यांच्या मशीनची दुरुस्ती, खासगी दुकान" असं स्पष्ट लिहिलं. त्यामुळे क्लिक कमी झाले, आणि तेच हवं होतं.

पुढच्या महिन्यात १३० क्लिक आले, एक २८ रुपयांना. क्लिक महाग झाला म्हणून दादा पहिल्या आठवड्यात कुरकुरले. खर्च झाला ३,६४० रुपये, फोन आले ४४, कामं झाली २६. एका कामामागे १४० रुपये.

असं असेल तर उरलेले पैसेही त्याच शब्दांवर वाढवायचे. का नाही?

वाढवून बघायची गरज नाही, खातंच सांगतं. `Search impr. share` या कॉलममध्ये शंभर शोधांपैकी किती वेळा तुम्ही दिसलात ते कळतं. दादांचं ७८ होतं. त्याच्या शेजारी `Search lost IS` चे दोन कॉलम लावता येतात, एक बजेट कमी पडल्यामुळे हुकलेल्या वेळांचा आणि दुसरा जाहिरातीचा क्रम मागे पडल्यामुळे हुकलेल्या वेळांचा. बजेटवाला आकडा मोठा असेल तर पैसे वाढवा. दादांचा ३ होता. म्हणजे रोजची रक्कम दुप्पट केली तरी फारसं नवं गिऱ्हाईक येणार नव्हतं, कारण बाकीचं हुकत होतं ते क्रमामुळे, बजेटमुळे नाही.

सोशलवर मग काय चालवलं?

दादा पहिल्यांदा म्हणाले, "दुकानाचा फोटो, खाली ऑफर, झालं." आम्ही तसं नाही केलं. त्यांच्या कामगाराने कळंब्यातल्या एका अपार्टमेंटमध्ये बोअरच्या पाण्यावर चालणारा फिल्टर उघडला, तेव्हा मोबाइलवर २५ सेकंदांचं चित्रण केलं. पांढरा असायला हवा तो फिल्टर गुळाच्या काहिलीतून काढल्यासारखा तपकिरी निघाला. शेजारी नवा ठेवला. वर आवाज दादांचाच: "ह्यो चौदा महिन्यांपूर्वी बसवलेला. तुमचा कधी बघितला होता?" संगीत नाही, ग्राफिक्स नाही. कोल्हापूरकराला कोल्हापूरकराचा आवाज कळतो.

जाहिरातीचं बटण थेट व्हॉट्सॲपवर नेणारं ठेवलं आणि पाण्याची टीडीएस चाचणी मोफत देऊ केली. दिवसाला २५० रुपये, महिन्याला ७,५००. पोरांना आम्ही बजावलं की टीडीएसच्या मीटरवर पाण्यात विरघळलेले क्षार कळतात, जंतू कळत नाहीत, तेव्हा मीटर दाखवून घाबरवू नका. आकडा कमी आला तर आरओची गरज नाही हे सरळ सांगायचं. अशा दोन घरांनी पुढे शेजाऱ्यांना पाठवलं, तो भाग वेगळा.

ठिकाण इथेही नीट बघा. शहराचं नाव टाकलं की भोवती मोठं वर्तुळ आखलेलं असतं, पुष्कळदा ४० किलोमीटरचं. त्यात इचलकरंजीसुद्धा येते. तिथे सेवा देत नसाल तर वर्तुळ आवळा.

आणि २५० रुपयांचे चार तुकडे करू नका. फेसबुक-इन्स्टा चालवणाऱ्या मेटाची यंत्रणा कोणाला जाहिरात दाखवावी हे शिकत असते आणि त्यासाठी तिला एका संचात, म्हणजे एकाच प्रकारच्या लोकांसाठी लावलेल्या जाहिरातींच्या गटात, आठवड्याला सुमारे ५० निकाल लागतात. दादांना एक संभाषण ५० रुपयांना पडत होतं, म्हणजे आठवड्याला ३५. आधीच कमी. त्यात बायकांसाठी वेगळा संच, तिशीच्या आतल्यांसाठी वेगळा, असं केलं असतं तर एकही धड शिकला नसता. एकच संच आणि त्यात दोन-तीन व्हिडिओ, एवढंच ठेवलं.

व्हॉट्सॲपवर दीडशे मेसेज आले, पण गिऱ्हाईक कुठंय?

महिन्याअखेरीस मेटाच्या पडद्यावर १५० संभाषणं दिसत होती. दादांचा मोबाइल हातात घेऊन एकेक मोजलं. ६८ जणांनी आधीच लिहून ठेवलेला मेसेज बोट लागून पाठवला होता, नंतर गप्प. उरलेल्या ८२ पैकी निम्म्याहून जास्त "किंमत?" विचारून गेले किंवा शहराबाहेरचे निघाले. चाचणीसाठी पत्ता दिला ३१ जणांनी. त्यातून ९ वार्षिक करार झाले आणि ३ नव्या मशीन गेल्या.

करारामागे दादांना १,४०० सुटतात, मशीनमागे २,५००. मिळून २०,१००. त्यातून जाहिरातीचे ७,५०० गेले आणि ३१ घरं फिरायला पेट्रोल व पोराचा वेळ धरून घरटी ६० प्रमाणे १,८६० गेले. हातात १०,७४० राहिले.

हे ६० रुपये बरेच जण धरत नाहीत. सर्चवरून येणारा फोन म्हणजे काम जवळजवळ ठरलेलं. सोशलच्या माणसाशी बोलावं लागतं, जावं लागतं, दोनदा आठवण करावी लागते. मेसेजला दुसऱ्या दिवशी उत्तर देणार असाल, तर तो माणूस तोपर्यंत तुम्हाला विसरलेला असतो. दुकानात एकटेच असाल आणि हात सतत कामात असेल, तर आधी सर्चच बघा.

निम्मे इकडे, निम्मे तिकडे केले तर?

निम्मे-निम्मे म्हणजे निर्णय टाळणं. आधी सर्चची विहीर मोजा, तेवढे पैसे तिथे ठेवा, उरतील ते सोशलला. दादांचे ३,६४० आणि ७,५०० असे झाले. विहीर मोठी निघाली असती तर सोशलला काहीच दिलं नसतं.

आमचा धंदा दादांसारखा नाही. मग?

अंबाबाईच्या देवळाजवळ लॉज असेल तर वर सांगितलेलं ठिकाणाचं सेटिंग बरोबर उलटं ठेवायचं. तुमचं गिऱ्हाईक कोल्हापुरात नाहीच, ते पुण्यात बसून "kolhapur lodge near mahalaxmi temple" शोधतंय. इथे `Presence or interest` हवंच. मात्र त्याच शब्दांवर खोल्या बुक करणारी मोठी संकेतस्थळंही बोली लावतात, त्यामुळे "lodge" किंवा "hotel" अशा मोकळ्या शब्दांच्या वाटेला जाऊ नका. देवळाचं, बसस्टँडचं नाव असलेले लांब शब्द धरा.

चप्पल हाताने बनवून देशभर कुरिअर करणाऱ्या घरांची गोष्ट मला जास्त अवघड वाटते. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, नाव जगाला माहीत आहे, शोधही भरपूर होतात. पण तो शब्द शोधणाऱ्याला समोर मोठ्या बाजारपेठांचे फोटो आणि किमती दिसतात, त्यातल्या कित्येक यंत्रावरच्या मालाच्या. तिथे १५ हजार रुपये म्हणजे रंकाळ्यात टाकलेला खडा. तुमचा माल वेगळा का, हे शोधाच्या दोन ओळींत सांगता येत नाही. कातडं कमावण्यापासून वेणी विणेपर्यंतचे हात व्हिडिओत दाखवता येतात. त्यामुळे आधी सोशल, आणि सर्चवर फार तर स्वतःच्या विशिष्ट प्रकाराचं नाव.

ब्लाउज शिवणारे, केक करणारे, मेंदीवाले यांनीही सोशलनेच सुरुवात करावी. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या कारखानदारांनी सर्च, तेही महिन्याला चार नेमके फोन आले तरी भरून पावलो असं समजून.

'बूस्ट पोस्ट' दाबलं तर पुरत नाही का?

लाइक हवे असतील तर पुरतं. पोस्टखालच्या त्या बटणातून पैसे बहुतेक वेळा लाइक-कमेंट करणाऱ्यांकडे जातात, आणि लाइक करणारा मेसेज करेलच असं नाही. `Ads Manager` मध्ये जाऊन संभाषण किंवा फोन हेच उद्दिष्ट निवडा.

फोन कुठल्या जाहिरातीमुळे आला, हे कसं ओळखायचं?

दोन सिम घ्या. एक नंबर फक्त गुगलच्या जाहिरातीत, दुसरा फक्त मेटाच्या. एवढं करून दादांच्या गल्ल्याशेजारी एक दोनशे पानी वही ठेवली: तारीख, कोणता नंबर, काय काम, झालं की नाही, किती सुटले. पाच रकाने.

वही कशाला, मोबाइलवर सगळं दिसतं की, असं पुष्कळ जण म्हणतात. दोन्ही कंपन्या स्वतःच्या बाजूने मोजतात. माणसाने सोमवारी रील बघितली, गुरुवारी गुगलवर तुम्हाला शोधून फोन केला, तर ते काम दोघीही स्वतःच्या नावावर लावू शकतात. पडद्यावरची बेरीज करून २५ कामं येतात आणि वहीत १९ असतात. वहीवर विश्वास ठेवा.

दुकानाचं नाव टाकून शोधणाऱ्यांसाठी जाहिरातीचे पैसे देऊ नका. गुगलवर दुकानाची मोफत नोंद पत्ता, वेळ आणि फोटोंसह नीट करून ठेवली, की नावाने शोधणाऱ्याला ती फुकटच दिसते. ती नोंद अर्धवट असेल तर जाहिरात नंतर, आधी ती पूर्ण करा.

१५ हजार ठरवले, पण खात्यात कमीच दिसतात. हे काय?

१८ टक्के जीएसटी. आगाऊ पैसे भरले की कर आधी कापला जातो आणि १५,००० भरल्यावर जाहिरातीला १२,७११ रुपये उरतात. दोन्हीकडे हेच. नियमित जीएसटी नोंदणी असेल तर नंबर खात्यात घाला, त्याचं क्रेडिट मिळतं. कंपोझिशन योजनेत असाल तर मिळत नाही, तेव्हा तुमचा खरा खर्च करासकटचाच धरा.

दादांचे दोन्ही मिळून ११,१४० खर्च झाले, करासकट सुमारे १३,१४५. बजेट ठरलेलं आहे म्हणजे ते संपवलंच पाहिजे असं नाही. उरलेल्या १,८५५ रुपयांतून त्यांनी दुसरा टीडीएस मीटर घेतला.

किती दिवसांनी ठरवायचं, की हे चालतंय किंवा नाही?

सर्चला शंभरेक क्लिक होऊ द्या. कोल्हापुरात त्याला तीन-चार आठवडे लागतात. `Search terms` मात्र पहिल्या आठवड्यात रोज बघा, तिथली घाण तेव्हाच दिसते. सोशलला निदान आठवडाभर हात लावू नका. दर दोन दिवसांनी रक्कम, ठिकाण, फोटो बदलत राहिलं की शिकणं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

सोशलवर आणखी एक आकडा बघा, `Frequency`. एकाच माणसाला जाहिरात सरासरी किती वेळा दिसली ते तो सांगतो. शहर लहान असल्यामुळे आपल्याकडे तो लवकर चढतो. दादांचा तपकिरी फिल्टर तिसऱ्या आठवड्यात लोकांना पाठ झाला आणि संभाषण ५० वरून ८० रुपयांवर गेलं. मग गंजलेल्या टाकीचा व्हिडिओ लावला, तेव्हा खाली आलं.

पावसाळा आणि दिवाळीत काय करायचं?

दिवाळीच्या आधीचे आठवडे सोशलवर महाग असतात, कारण कपड्या-मोबाइलवाल्या मोठ्या कंपन्या त्याच पडद्यावर पैसे ओततात. ज्यांचा माल दिवाळीत विकला जात नाही, त्यांनी तेव्हा सोशल कमी करून सर्च तसंच ठेवावं. प्युरिफायर बिघडायला सण लागत नाही.

पावसाळ्यात उलट. जून-जुलैत नळाला गढूळ पाणी आलं की दादांचे शोध वाढतात, विहिरीला पाणी येतं, तेव्हा सोशलचे थोडे पैसे सर्चकडे वळवतो. फक्त पंचगंगा पात्राबाहेर आली आणि रस्ते बंद झाले, की दोन्ही जाहिराती त्याच दिवशी थांबवतो. पोरगा पोहोचू शकत नाही अशा घरातून आलेल्या फोनचेही २८ रुपये लागतातच.